नवं मशीन घेण्याआधीचा हिशोब: पैसे कधी सुटतील आणि परतावा किती?

छोट्या छापखान्यात नवं मशीन घ्यायचं ठरलं की पहिला कागद हाती येतो तो विक्रेत्याचा. त्यावर मशीनचा वेग असतो, त्या वेगाला दिवसाच्या तासांनी आणि दर शीटच्या छपाईच्या दराने गुणलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘दीड वर्षात पैसे वसूल’. मी स्वतः छापखाना चालवतो आणि या हिशोबातून गेलो आहे. तो कागद बाजूला ठेवून आपल्याच जॉब कार्डांवरून हिशोब कसा मांडायचा, ते इथे सांगतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एका छापखान्याकडे जुनं टू कलर ऑफसेट आहे. फोर कलरचं काम त्यावर दोनदा फिरवावं लागतं. काही फोर कलर कामं वेळ नाही म्हणून बाहेर दिली जातात. आता वापरलेलं, चांगल्या स्थितीतलं फोर कलर मशीन घ्यायचा विचार आहे आणि जुनं मशीन विकायचं आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

आधी हे कागद गोळा करा

- मागच्या १२ महिन्यांची जॉब कार्डं: शीट किती, रंग किती, मशीनवर वेळ किती गेला
- बाहेर दिलेल्या छपाईची बिलं
- ओव्हरटाइमचा हिशोब
- प्लेट, शाई, केमिकल आणि कागदाची खरेदी बिलं
- विजेची बिलं आणि जुन्या मशीनच्या दुरुस्तीची बिलं
- ज्या कामांना नाही म्हणावं लागलं त्यांची नोंद
- मशीनचं कोटेशन, आणि त्यात काय धरलेलं नाही याची विक्रेत्याकडून लेखी यादी

सहावी नोंद बहुतेक छापखान्यांत नसते. नसेल तर आजपासून एक वही ठेवा आणि मशीनचा निर्णय तीन महिने पुढे ढकला. पुढे दिसेल की सगळा हिशोब शेवटी याच वहीवर येऊन थांबतो.

१. मशीनची खरी किंमत काढा

कोटेशनवर १८ लाख लिहिलं आहे. पण मशीन गाडीतून उतरवायला क्रेन लागते, फरशी त्याचं वजन पेलेल अशी करावी लागते, विजेची नवी लाइन, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर लागतो. बसवणाऱ्या कारागिराचा खर्च असतो. वापरलेलं मशीन असेल तर रोलरचा एक संच आणि ब्लँकेट बहुधा लगेच बदलावे लागतात. चाचणीत कागद जातो. हे सगळं मिळून ३.५ लाख धरू.

आणखी एक रक्कम लोक विसरतात. काम वाढलं की कागद जास्त भरावा लागतो आणि गिऱ्हाइकाकडे उधारीही जास्त अडकते. त्यासाठी १.५ लाख. हा पैसा बुडत नाही, पण मशीन चालू असेपर्यंत धंद्यात अडकून राहतो, म्हणून तोही गुंतवणुकीत धरायचा. जुन्या मशीनचे ३ लाख येतील, ते वजा करायचे.

१८ + ३.५ + १.५ − ३ = २० लाख. यापुढे ‘किंमत’ म्हणजे हे २० लाख.

खरेदीवर भरलेला कर तुम्हाला परत मिळत असेल तर तो यात धरू नका, मिळत नसेल तर धरा.

२. मशीन तुमच्या कामावर किती वेळ वाचवेल ते मोजा

जॉब कार्डं काढून फोर कलर कामांची सरासरी काढा. आपल्या छापखान्यात महिन्याला अशी ६० कामं होतात आणि सरासरी काम ३,००० शीटचं आहे.

टू कलरवर एका फेरीला प्लेट लावणं, शाई बसवणं आणि रजिस्टर जुळवणं यात ४० मिनिटं जातात आणि ३,००० शीट छापायला ३६ मिनिटं. दोन फेऱ्यांचे मिळून १५२ मिनिटं. फोर कलरवर चारही प्लेट लावून पहिली चांगली शीट हाती यायला ४५ मिनिटं आणि छपाईला सुमारे २६ मिनिटं, म्हणजे ७१. एका कामामागे ८१ मिनिटं वाचली, ६० कामांमागे महिन्याला ८१ तास.

इथे माहितीपत्रकातला वेग तपासून पाहा. त्यावर तासाला १३,००० शीट लिहिलेलं असतं. आपण छपाईचा वेग तासाला ७,००० धरला, कारण रोजच्या कागदावर आणि नेहमीच्या मशीनमनच्या हातून सलग तेवढाच टिकतो. पण तयारीची ४५ मिनिटं धरली तर ३,००० शीटच्या कामाला तासाचा खरा वेग निघतो साधारण २,५०० शीट. तुमची कामं जितकी छोटी, तितका माहितीपत्रकातल्या वेगाला अर्थ कमी. ५०० शीटची कामं जास्त असतील तर प्लेट किती मिनिटांत बदलते हे विचारा, तासाला किती शीट हे नंतर.

३. वाचलेले तास म्हणजे पैसे नव्हेत

नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. ८१ तास वाचले, तासाचा मशीन दर समजा ८००, म्हणजे महिन्याला ६४,८०० वाचले, असा गुणाकार करून मोकळे होतात. पण वाचलेल्या तासात मशीन नुसतं उभं राहिलं आणि मशीनमनचा पगार चालूच राहिला, तर गल्ल्यात एक पैसाही वाढत नाही.

म्हणून ते तास कुठे जातील ते पाहायचं. सध्या मशीनवर महिन्याला फोर कलरचे १५२ तास आणि एक-दोन रंगी कामांचे ६८ तास, असे २२० तास लागतात. एका पाळीत २५ दिवसांचे २०० तास मिळतात, म्हणजे २० तास ओव्हरटाइम. तो थांबेल, हा खरा पैसा. बाहेर जाणारी १० कामं घरात येतील, हाही खरा पैसा. नवीन कामं आली तर तीही. आपण पुढे महिन्याला ६ नवी कामं धरणार आहोत. तेव्हा ७६ फोर कलर कामांचे ९० तास आणि बाकीचे ६८ मिळून १५८ तास होतात. उरलेले ४२ तास मशीन रिकामं राहील. त्यांची किंमत शून्य धरा.

४. महिन्याचा वाढीव फायदा मांडा

नियम एकच: मशीन आल्यामुळे जे बदलतं तेवढंच लिहायचं. दुकानाचं भाडं, ऑफिसचा खर्च, डिझायनरचा पगार आजही आहे आणि उद्याही राहील. ते या कागदावर येत नाहीत. नव्या मशीनवर होणारी एकूण विक्रीही येत नाही, कारण त्यातली ६० कामं जुन्या मशीनवरही होतच होती.

आधी खात्रीच्या गोष्टी.

बाहेर दिलेल्या एका कामाच्या छपाईला सरासरी ६,६०० द्यावे लागतात. घरात केलं तर प्लेट, शाई, केमिकल मिळून ३,००० लागतील. कागद दोन्हीकडे आपलाच, म्हणून तो सोडला. एका कामामागे ३,६००, दहा कामांमागे ३६,०००.

ओव्हरटाइम २० तास. मशीनमन आणि हेल्पर मिळून तासाला ४००, म्हणजे ८,०००.

कागदाचं वेस्टेज. दोन फेऱ्यांत काम करताना पहिल्या फेरीनंतर थप्पी सुकायला ठेवावी लागते. तेवढ्यात कागद हवेतला ओलावा घेतो, किंचित ताणला जातो, आणि दुसऱ्या फेरीत एका टोकाला रजिस्टर जुळलं की दुसऱ्या टोकाला सुटतं. ते जुळेपर्यंत शीट वाया जातात. चारही रंग एकाच फेरीत बसले की हा प्रश्न बराच कमी होतो. पण चार युनिट एकदम जुळवतानाही शीट जातातच, म्हणून मोठा फायदा धरू नका. जुन्या पद्धतीत कामामागे २५० आणि नव्यात २०० धरल्या तर ५० शीट वाचतात. शीटला २.५० प्रमाणे ६० कामांवर ७,५००.

जुन्या मशीनची दुरुस्ती थांबेल, ५,०००.

खात्रीची बेरीज: ५६,५००.

आता वाढणारा खर्च. फोर कलरवर रंग सांभाळणारा मशीनमन जास्त पगार घेतो, त्याचे १४,००० जादा. वीज ७,००० जादा. रोलर, ब्लँकेट, देखभाल आणि विमा मिळून १७,०००. एकूण ३८,०००.

निव्वळ खात्रीचा फायदा: महिन्याला १८,५००.

५. नवी कामं वेगळ्या ओळीत लिहा

नव्या कामाची सगळी विक्री फायद्यात धरू नका. सरासरी काम १६,००० चं आहे. त्यातला कागद ८,००० आणि प्लेट-शाई वगैरे ३,०००. हातात राहतात ५,०००. हिशोबात हेच घ्यायचे.

कामं किती येतील हे अंदाजाने ठरवू नका. नाही म्हटलेल्या कामांच्या वहीत महिन्याला सरासरी १२ कामं दिसली असं समजू. त्यातली काही आता दुसरीकडे रुळली असतील, काहींनी नुसताच दर विचारला असेल. निम्मी धरा, म्हणजे ६. सहा कामांचे ३०,०००.

खात्रीचे १८,५०० आणि हे ३०,००० मिळून महिन्याला ४८,५००, वर्षाला ५.८२ लाख.

६. पैसे सुटायचा काळ काढा

सरळ भागाकार: २० लाख ÷ ५.८२ लाख = सुमारे ३ वर्षं ५ महिने.

पण नवी कामं पहिल्या दिवशी येत नाहीत. मशीन बसायला, मशीनमनचा हात बसायला आणि गिऱ्हाइकाला कळायला वेळ जातो. पहिले सहा महिने नवी कामं शून्य धरली तर पहिल्या वर्षाचा फायदा ४.०२ लाखच होतो. दुसऱ्या वर्षाअखेर जमा ९.८४ लाख, तिसऱ्याच्या अखेरीस १५.६६ लाख. उरलेले ४.३४ लाख भरून यायला आणखी नऊ महिने. म्हणजे ३ वर्षं ९ महिने.

आता तोच भागाकार नव्या कामांशिवाय करा. १८,५०० प्रमाणे वर्षाला २.२२ लाख. २० लाख सुटायला नऊ वर्षं, आणि वापरलेलं मशीन तोवर टिकेल याचा भरवसा नाही.

या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजेच तुमची जोखीम. म्हणून मी इथे हिशोब उलटा करतो. माझी मर्यादा ४ वर्षांची आहे. ४ वर्षांत २० लाख म्हणजे वर्षाला ५ लाख, महिन्याला सुमारे ४१,७००. त्यातले १८,५०० खात्रीचे आहेत, उरले २३,२००. एका कामाचे ५,००० धरले तर महिन्याला पाच नवी कामं लागतात (सुरुवातीच्या रिकाम्या महिन्यांमुळे प्रत्यक्षात थोडी जास्तच). आता प्रश्न हातात धरता येण्याजोगा झाला: दर महिन्याला पाच-सहा नवी फोर कलर कामं कोण देणार? कागदावर गिऱ्हाइकांची नावं लिहा. नावं निघत नसतील तर मशीनच्या तांत्रिक गुणांवर आणखी वेळ घालवू नका.

७. परतावा काढा

पैसे कधी सुटतात एवढ्यावर थांबलं तर त्यानंतर मशीन किती कमावतं ते कळत नाही. त्यासाठी मशीन किती वर्षं चालेल ते ठरवावं लागतं. आपण ७ वर्षं धरू.

पहिल्या वर्षी ४.०२ लाख आणि पुढची सहा वर्षं ५.८२ लाख, मिळून ३८.९४ लाख. शेवटी मशीन विकून ३ लाख आणि उधारी-कागदात अडकलेले १.५ लाख मोकळे होतील. एकूण ४३.४४ लाख. त्यातून घातलेले २० लाख वजा केले की ७ वर्षांत २३.४४ लाख, वर्षाला सुमारे ३.३५ लाख. २० लाखांवर हा परतावा होतो वर्षाला १६.७ टक्के. हे आकडे आयकराआधीचे आहेत. करानंतरचे तुमच्या हिशोबनिसाकडून काढून घ्या.

घसारा वेगळा वजा करू नका. मशीनचे २० लाख एकदा पूर्ण वजा झालेच आहेत. पुन्हा घसारा काढला तर तीच रक्कम दोनदा वजा होते.

हा १६.७ टक्क्यांचा आकडा बँकेच्या व्याजदराशेजारी थेट ठेवता येत नाही, कारण लवकर येणारा पैसा आणि उशिरा येणारा पैसा यात त्याला फरक कळत नाही. तुलनेसाठी स्प्रेडशीटमधलं IRR हे सूत्र वापरा, ते पैसा कोणत्या वर्षी येतो हे धरून वर्षाचा परताव्याचा दर काढतं. B1 मध्ये -2000000, B2 मध्ये 402000, B3 ते B7 मध्ये 582000 आणि B8 मध्ये 1032000 (सातव्या वर्षाचा फायदा आणि शेवटी मिळणारे साडेचार लाख) भरा.

```
=IRR(B1:B8)
```

उत्तर साधारण २१ टक्के येतं. कर्जाचा दर यापेक्षा बराच खाली असेल तर मशीन कर्ज फेडूनही पैसा उरवेल.

८. हप्ता पहिल्या सहा महिन्यांवर तपासा

चांगल्या परताव्याचं मशीनही पहिल्याच वर्षी गळ्याशी येऊ शकतं. समजा १५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं.

```
=PMT(11%/12, 60, -1500000)
```

हप्ता सुमारे ३२,६०० येतो. पहिले सहा महिने मशीन देणार १८,५००. दर महिन्याला १४,१०० कमी पडतात, सहा महिन्यांत सुमारे ८५,०००. ही रक्कम वेगळी काढून ठेवा आणि मगच सही करा. ती नसेल तर कागदवाल्याचे पैसे थकतात आणि मग कागद रोखीत आणि महाग घ्यावा लागतो.

कर्जाचा दर विचारताना तो घटत्या शिलकीवर आहे की मूळ रकमेवर, हे लिहून घ्या. मूळ रकमेवरचा ‘७ टक्के’ पाच वर्षांच्या कर्जात घटत्या शिलकीवरच्या १२ टक्क्यांच्याही वर जातो. तुलना नेहमी हप्त्याच्या रकमेची करा.

९. दर पाडून पाहा

मशीन रिकामं दिसू लागलं की हात आपोआप दराकडे जातो. म्हणून तो हिशोब आताच करून ठेवा.

सहा नव्या कामांना ५ टक्के सूट दिली तर कामामागे ८०० जातात, महिन्याला ४,८००. हे झेपतं. पण तो दर जुन्या गिऱ्हाइकांच्या कानावर गेला आणि त्यांनाही द्यावा लागला, तर ७६ कामांवर ६०,८०० जातात. मशीनचा अख्खा फायदा ४८,५०० होता. पाच टक्क्यांत तो संपून वर खिशातून घालावे लागतात. आपल्या उदाहरणात विक्रीचा निम्मा भाग कागदातच जातो, त्यामुळे दरातली छोटी घट हातात राहणाऱ्या रकमेला मोठा घाव घालते.

असाच एक आकडा मशीन बंद राहण्याचा काढा. वर्षात २० दिवस मशीन बंद राहिलं आणि ती कामं बाहेर करून घ्यावी लागली तर किती जातील? दिवसाला तीन कामं आणि कामामागे ३,६०० जादा धरले तरी २.१६ लाख होतात. सुट्टे भाग किती दिवसांत मिळतात आणि दुरुस्तीला माणूस कुठून येतो, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. कमी किमतीचं पण भाग न मिळणारं मशीन याच ओळीत महाग पडतं.

१०. मशीन बघायला जाताना आपली प्लेट घेऊन जा

देखभालीचे १७,००० आपण मशीन चांगलं आहे असं धरून लिहिले आहेत. ते पडताळायला विक्रेत्याच्या नमुन्यावर विसंबू नका. तुमचं नेहमीचं अवघड काम घ्या: गडद सपाट रंग, आणि त्यात पांढऱ्यात सोडलेली बारीक अक्षरं. आपल्याच कागदावर हजारभर शीट चालवायला सांगा आणि दर शंभरावी शीट बाजूला काढा. सपाट रंगात ठरावीक अंतराने आडवे पट्टे दिसले तर गिअर, बेअरिंग किंवा रोलर घासलेले असण्याची शक्यता आहे. बारीक अक्षरं शीटगणिक इकडेतिकडे सरकत असतील तर ग्रिपर पकड सोडत असण्याची शक्यता आहे. काउंटरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, काउंटर बदलता येतो.

दोष दिसला तर घासाघीस करण्याआधी दुरुस्तीचा आकडा लिहून घ्या आणि तो पहिल्या पायरीतल्या २० लाखांत मिळवा. दीड लाख वाढले तर पैसे सुटायला आणखी तीन महिने लागतात, कारण महिन्याचे ४८,५०० तेवढेच आहेत.

११. मशीन आल्यावर चार आकडे लिहीत राहा

हा कागद फाइलमध्ये टाकून देऊ नका. मशीनशेजारी लावा आणि दर महिन्याला त्यावर चार आकडे लिहा: तयारीला लागलेली सरासरी मिनिटं, वाया गेलेल्या शीट, बाहेर दिलेली कामं आणि नवी कामं. तयारी ४५ ऐवजी ७० मिनिटांवर अडकली असेल तर मशीनमनला प्रशिक्षण हवं किंवा प्लेट नीट येत नाहीत. बाहेर अजूनही कामं जात असतील तर बहुधा अडथळा मशीनवर नसून कटिंगला किंवा फोल्डिंगला आहे. छापलेल्या थप्प्या तिथे किती दिवस पडून राहतात ते पाहा. आणि सातव्या-आठव्या महिन्यातही नवी कामं दोन-तीनच असतील तर सहाव्या पायरीतली गिऱ्हाइकांची यादी काढून एकेकाला फोन लावा. त्या महिन्यात दुसरं कुठलंही यंत्र, लॅमिनेशनचं छोटंसुद्धा, हप्त्यावर घेऊ नका.